भावाची पावती सहा लाखांची, माझी तीनच लाखांची

पत्र

वडिलांच्या वाट्याची आमराई विकली तेव्हा भावाला आणि मला तीन-तीन लाख रुपये मिळाले. २०१६ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघांनी ते एकाच दिवशी, एकाच बँकेत, १० वर्षांसाठी, ७ टक्क्यांनी ठेवले. यंदा मुदत संपली. भावाला ६,००,४७९ रुपये मिळाले आणि माझ्या हातात तीन लाखच आले. साहेब म्हणाले, "तुमचं व्याज दर तिमाहीला खात्यात जात होतं, ते साधं व्याज." मी हिशोब केला तर ते २ लाख १० हजारच होतं. म्हणजे मला ९० हजार कमी मिळाले. फॉर्म तेव्हा बँकेतल्याच माणसाने भरला होता, मी फक्त सही केली. तक्रार करू का? आणि आता तरी हे तीन लाख १० वर्षं चक्रवाढीत ठेवले तर माझेही सहा लाख होतील ना? आमच्या वाडीत पतसंस्थेचा एजंट येतो, तो म्हणतो, "सात वर्षांत दामदुप्पट, म्हणजे १४ टक्क्यांच्या वर." माझं वय ६२, मुलगा मुंबईत असतो. घर कौलारू आहे, पावसाआधी दरवर्षी खर्च निघतोच.

— वेंगुर्ले तालुक्यातील एक वाचक

उत्तर

ताई, तक्रारीचा अर्ज लिहायच्या आधी बँकेत जाऊन फेब्रुवारी २०१६ पासूनचा बचत खात्याचा उतारा मागा. जुनी पासबुकं जपून ठेवली असतील तर तीही चालतील. त्यात दर तीन महिन्यांनी ५,२५० रुपयांची एक नोंद सापडली पाहिजे, आणि अशा नोंदी ४० भरल्या पाहिजेत. ५,२५० गुणिले ४० म्हणजे २ लाख १० हजार. या नोंदी जागेवर असतील तर बँकेने तुमचं काही ठेवून घेतलेलं नाही. व्याज तुम्हाला मिळालं. फरक इतकाच की ते तुम्हाला आधी मिळालं आणि भावाला शेवटी.

मग भावाला मिळालेले वरचे ९० हजार आले कुठून? ते व्याजावरचं व्याज आहे. हे पहिल्या वर्षाच्या हिशोबातच दिसतं. ७ टक्के वार्षिक म्हणजे तिमाहीला पावणेदोन टक्के. पहिल्या तिमाहीत तुम्हा दोघांच्याही तीन लाखांवर ५,२५० रुपयेच झाले. तुमचे ५,२५० बचत खात्यात गेले. भावाचे मुद्दलात मिसळले, म्हणून त्याच्या दुसऱ्या तिमाहीचं व्याज ३,०५,२५० वर लागलं आणि ते ५,३४२ रुपये झालं. तिसऱ्या तिमाहीत ५,४३५ आणि चौथ्या तिमाहीत ५,५३० रुपये. वर्षाअखेर तुम्हाला २१,००० मिळाले होते, तर त्याच्या ठेवीत २१,५५८ रुपयांची भर पडली होती. वर्षभरात फरक ५५८ रुपयांचा. एवढ्यासाठी कुणी भावाशी भांडत नाही.

पण या फरकाची चाल सरळ नाही. पाच वर्षांनी त्याची ठेव ४,२४,४३३ झाली होती. तुमचं मुद्दल आणि तोवर मिळालेलं व्याज धरून ४,०५,०००. फरक १९ हजारांच्या आसपास. उरलेले ७१ हजार पुढच्या पाच वर्षांत पडले. शेवटच्या एका वर्षात त्याच्या ठेवीवर ४०,२५७ रुपये व्याज झालं, तुमच्या ठेवीवर त्या वर्षीही २१,०००च. दर दोघांनाही ७ टक्केच होता, पण त्याचे ७ टक्के तोवर साडेपाच लाखांहून जास्त रकमेवर लागत होते. चक्रवाढीचा मोठा वाटा मुदतीच्या शेपटाकडे असतो, आणि हीच गोष्ट ठेवीदार बहुधा विसरतात. दहा वर्षांची ठेव सहाव्या वर्षी मोडणाऱ्याला तो वाटा पाहायलाच मिळत नाही.

बँकेने दिलेला आकडा घरी तपासता येतो. मुलाला फोनवर किंवा संगणकावरच्या तक्त्यात हे टाकायला सांगा:

```
=300000*(1+7/400)^40
```

इथे ४०० म्हणजे शंभर गुणिले वर्षातल्या चार तिमाही, आणि ४० म्हणजे दहा वर्षांतल्या एकूण तिमाही. उत्तर ६,००,४७९ येईल. आपल्याकडे बँकांच्या पुनर्गुंतवणूक ठेवींत, म्हणजे भावासारख्या व्याज मुद्दलात मिसळणाऱ्या ठेवींत, चक्रवाढ साधारणपणे तिमाहीच असते. सहा महिन्यांहून कमी मुदतीच्या ठेवीवर बहुधा साधंच व्याज मिळतं, तिथे हे सूत्र लावू नका.

आता तुमच्या ९० हजारांकडे येऊ. हा आकडा तुम्ही धरून बसला आहात, पण तो तुमचं नुकसान नाही. त्यात असं गृहीत धरलंय की दर तिमाहीला खात्यात आलेल्या पैशाचं काहीच झालं नाही. त्याचं काही तरी झालंच असणार. समजा, तुम्ही त्यातला एकही रुपया काढला नाही आणि बचत खात्यावर सरासरी ३ टक्के व्याज मिळालं. तर ते व्याज दहा वर्षांत २ लाख ४३ हजारांच्या पुढे गेलेलं असेल. तसं असेल तर ते खात्यात आजही पडलेलं दिसेल आणि भावाशी तुमचा खरा फरक ५६-५७ हजारांचा राहील. तो फरक ७ टक्के आणि ३ टक्के यांच्यातला, म्हणजे पैसे बचत खात्यात निजून राहिले त्याचा. आणि जर ते पैसे कौलं, वासे, औषधं, गणपती यांत गेले असतील, तर दहा वर्षांत २ लाख १० हजारांचा खर्च त्या ठेवीने उचलला. भावाला तो खर्च दुसऱ्या कुठल्या पैशातून करावा लागला असेल. चक्रवाढ घेणाऱ्याला दहा वर्षं त्या पैशाला हात लावता येत नाही, ही तिची किंमत आहे. ती किंमत पावतीवर छापलेली नसते, म्हणून दोन पावत्या शेजारी ठेवल्या की फसल्यासारखं वाटतं.

उतारा तपासताना एक गोष्ट नीट पाहा. पहिल्या तीन वर्षांत ५,२५० ऐवजी ४,७२५ जमा झालेले दिसले तर तो १० टक्के करकपातीचा परिणाम आहे. २०१६ मध्ये एका बँकेतल्या ठेवींचं व्याज वर्षाला १० हजारांच्या वर गेलं की बँक कर कापत असे. ही मर्यादा २०१९ च्या एप्रिलपासून ४० हजार झाली. आता २०२५ च्या एप्रिलपासून ती इतरांना ५० हजार आणि साठीच्या पुढच्यांना एक लाख आहे. तुमच्या भावाला छापील रक्कम पैशाला पैसा मिळाली, त्याअर्थी त्याने सुरुवातीची वर्षं तरी कर कापू नये म्हणून द्यायचा अर्ज दिला असावा. साठीच्या आतल्यांसाठी तो आजवर १५जी आणि साठीनंतर १५एच या नावाने ओळखला गेला. नाही तर त्याचा कर बचत खात्यातून गेला असेल. ज्यांनी यातलं काही केलं नाही, त्यांचा कर ठेवीतूनच वळता होतो. मग पुढचं व्याज कमी रकमेवर लागतं आणि दहा वर्षांनी पावतीवरच्यापेक्षा कमी पैसे हातात येतात. "छापलेले पैसे मिळाले नाहीत" अशा तक्रारी असतात, त्यांतल्या बऱ्याच इथे येऊन संपतात. हा अर्ज दर आर्थिक वर्षी नव्याने द्यावा लागतो, एकदा देऊन भागत नाही. आणि ज्याचं उत्पन्न करपात्र आहे त्याने तो देऊच नये. अशा माणसाला चक्रवाढ ठेवीचं व्याज हातात आलेलं नसलं तरी दरवर्षीच्या उत्पन्नात दाखवावं लागतं.

तर तक्रार कधी करायची? ४० पैकी काही नोंदी गायब असतील, किंवा करकपातीशिवाय रक्कम कमी दिसत असेल, तर जरूर करा. आधी शाखेत लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, आणि तिला शुल्क नाही. पण सगळ्या नोंदी बरोबर असतील आणि तुमचं म्हणणं एवढंच असेल की फॉर्मवर तिमाही व्याजाची खूण दुसऱ्याने केली, तर माझ्या मते यात वेळ घालवू नका. मूळ अर्जाची प्रत मागायला हरकत नाही. मात्र त्यावर सही तुमची आहे, आणि दहा वर्षं ते व्याज तुमच्या खात्यात आक्षेपाशिवाय येत राहिलं आहे. लोकपालासमोर हे टिकणं कठीण. शिवाय तुमच्या पावतीवर मुदतअंती देय रक्कम तीन लाखच छापलेली असणार. असा आकडा म्हणजे व्याज वाटेतच दिलं जात असल्याची खूण.

एजंटचा हिशोबही याच मापाने तपासता येतो. सात वर्षांत दुप्पट म्हणजे तीन लाखांवर तीन लाख व्याज. त्याला सातने भागून तो वर्षाचे १४ टक्के सांगतो. ही भागाकाराची चलाखी आहे, कारण त्या तीन लाखांत व्याजावरचं व्याज मिसळलेलं आहे. तिमाही चक्रवाढीने सात वर्षांत दुप्पट व्हायला जो दर लागतो तो १० टक्क्यांच्या जेमतेम वर. ती ठेव १० टक्क्यांचीच आहे, १४ ची नाही. याच रीतीने भावाच्या ७ टक्क्यांच्या ठेवीलाही "१० टक्के" म्हणता येईल, कारण तीही दहा वर्षांत दुप्पटच झाली. म्हणून "सरासरी परतावा", "दामदुप्पट" असे शब्द कानावर आले की एकच विचारा: वार्षिक दर किती आणि चक्रवाढ तिमाही की वार्षिक? ही दोन उत्तरं मिळाली की कुठल्याही दोन ठेवी शेजारी मांडता येतात.

तरी १० टक्के जास्तच आहेत, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला माणशी, बँकेगणिक पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं कवच असतं, सहकारी बँकांनाही असतं. ते पतसंस्थेला लागू नाही. संस्था अडचणीत आली तर तो जादा दर आणि मुद्दल दोन्ही तिथेच अडकतं. बँकेच्या बाबतीतही लक्षात ठेवा की पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात. तीन लाख रुपये साडेसहा टक्क्यांच्या चक्रवाढीत ठेवले तर आठ वर्षं पुरी व्हायच्या सुमारास ते पाच लाख ओलांडतात. छोट्या बँकेत लांब मुदतीची ठेव ठेवणाऱ्याने हे आधीच पाहावं.

आता तुमचा खरा प्रश्न, हे तीन लाख कुठे आणि कसे ठेवायचे हा. त्यात दोन गोष्टी तुम्ही धरून चालला आहात. पहिली ही की दर पुन्हा ७ टक्केच मिळेल. त्या दिवशीचा दर पाहावा लागेल. ज्येष्ठ नागरिकांना बँका सहसा अर्धा टक्का जास्त देतात, तो धरून साडेसहा मिळाला असं समजू. दहा वर्षांत ५,७१,६६८ होतील. अर्धा टक्का कमी झाला तर दहा वर्षांनी जवळजवळ २९ हजारांचा फरक पडतो.

दुसरं गृहीत जास्त महत्त्वाचं आहे: चक्रवाढ म्हणजे नेहमीच जास्त. तसं नाही. साध्या व्याजाचा दर पुरेसा वरचा असेल तर बरीच वर्षं तेच पुढे राहतं. साठीच्या पुढच्यांसाठी सरकारची ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, पोस्टात आणि ठरावीक बँकांत खातं उघडता येतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं, तेव्हा जाताना विचारून घ्या, पण उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही. यात व्याज तिमाहीला हातात मिळतं आणि ते साधं असतं. न काढलेल्या व्याजावर व्याज मिळत नाही. ८.२ टक्क्यांनी तीन लाखांवर वर्षाला २४,६०० रुपये. पाच वर्षांनी मुद्दल आणि व्याज मिळून ४,२३,००० होतात. बँकेच्या साडेसहा टक्के चक्रवाढीत पाच वर्षांनी होतात ४,१४,१२६. म्हणजे साधं व्याज नऊ हजारांनी पुढे, तेही दर तिमाहीला पैसे हातात देऊन. हे दोन दर असेच राहिले असं धरलं तर सात वर्षांपर्यंत साधंच थोडं पुढे राहतं आणि आठव्या वर्षात चक्रवाढ त्याला मागे टाकते. तेव्हा "साधं की चक्रवाढ" याचं उत्तर दर आणि मुदत दोन्ही पाहिल्याशिवाय देता येत नाही. दर सारखाच असेल तर चक्रवाढ. दरात पाऊण-एक टक्क्याचा फरक असेल तर पाच वर्षांचा हिशोब मांडून मगच ठरवा. दीड-पावणेदोन टक्क्यांचा फरक असेल तर पाच वर्षांसाठी साधं व्याज बहुधा बाजी मारतं.

पोस्टातलीच पाच वर्षांची मुदत ठेव मात्र लोकांना चकवते. तिचं व्याज तिमाही हिशोबाने मोजतात, म्हणजे ७.५ टक्के दर असेल तर १०,००० वर वर्षाला ७५० नव्हे, ७७१ रुपये. त्यामुळे ही चक्रवाढ आहे असं वाटतं. पण ते ७७१ वर्षाअखेर द्यायचे असतात. तुम्ही नेले नाहीत तरी ते मुद्दलात मिसळत नाहीत आणि त्यावर पुढे व्याज लागत नाही. वर्षाच्या आत चक्रवाढ आणि वर्षांमध्ये साधं, असा हा प्रकार. पाच वर्षांचं व्याज एकदम उचलू म्हणून वाट पाहणारे यात चार वर्षांचं व्याजावरचं व्याज घालवतात. ते पोस्टाच्या बचत खात्यात आपोआप जमा व्हावं, असं ठेव उघडतानाच लिहून द्यायचं.

तुमच्याबाबतीत मी असं करीन. दहा वर्षं, तीनही लाख, एका पावतीत ठेवणार नाही. तुम्हाला वर्षाला २१ हजारांची सवय आहे, आणि शाकारणीचा खर्च चुकवता येत नाही. सगळे पैसे चक्रवाढीत अडकवले तर एखाद्या मे महिन्यात ठेव मोडावी लागणार. मोडल्यावर काय होतं ते आकड्यात पाहा. ७ टक्क्यांची दहा वर्षांची ठेव सहा वर्षांनी मोडली तर बँक ७ टक्के देत नाही. ठेव ठेवली त्या दिवशी सहा वर्षांच्या मुदतीला जो दर होता तो धरते आणि त्यातून दंड म्हणून बहुधा अर्धा ते एक टक्का वजा करते. तो दर साडेसहा असला आणि एक टक्का कापला गेला तर हिशोब साडेपाच टक्क्यांनी होतो. सहा वर्षं ७ टक्क्यांनी तीन लाखांचे ४,५४,९३३ झाले असते, साडेपाचने ४,१६,३५४ होतात. ३८ हजारांहून जास्त गेले. तिमाही व्याजाची ठेव मोडली तर आणखी चमत्कारिक दिसतं: आधी जादा दराने दिलेलं व्याज बँक मुद्दलातून वळतं करते आणि हातात तीन लाखांहून कमी येतात. लोकांना वाटतं मुद्दलच खाल्लं.

म्हणून दोन लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत घाला. ८.२ टक्के धरले तर वर्षाला १६,४०० म्हणजे तिमाहीला ४,१०० रुपये येतील. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी महिन्यांच्या सुरुवातीला व्याज जमा होतं. जानेवारीचा आणि एप्रिलचा हप्ता शाकारणीला, जुलैचा गणपतीला कामाला येतो. ऑक्टोबरचा मोकळा राहतो. तो बचत खात्यात पडू देऊ नका, त्याची आवर्ती ठेव करा. साध्या व्याजाचं चक्रवाढ करायचा रस्ता एवढाच आहे: हाती आलेलं व्याज पुन्हा व्याजाला लावणं. पूर्वीच्या ठेवीत हेच राहून गेलं.

उरलेला एक लाख बँकेत पुनर्गुंतवणूक ठेवीत, पण पन्नास-पन्नास हजारांच्या दोन पावत्यांत. एक मोडली तरी दुसरीची चक्रवाढ चालू राहील. मुदत पाच वर्षांची घ्या. तुमच्या वयाला दहा वर्षांची पावती मी सुचवणार नाही, आणि पाच वर्षांनी दर चांगला असेल तर व्याजासकट पुढे नेता येतेच. तेव्हा फॉर्मवर "मुद्दल व व्याजासह नूतनीकरण" लिहा. नुसतं "मुद्दलाचं नूतनीकरण" असेल तर व्याज बचत खात्यात उतरतं आणि साखळी तिथेच तुटते. काहीच सूचना दिली नाही आणि पावती मुदतीनंतर कपाटात राहिली, तर २०२१ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्या पुढच्या काळासाठी बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा जुना दर, यांतला जो कमी असेल तोच मिळतो. मुलगा मुंबईत आहे, त्याला वारस म्हणून नोंदवा आणि मुदतीच्या तारखा त्याच्या फोनमध्ये टाकायला लावा.

कुणी "तिमाही कशाला, दरमहा व्याज घ्या" म्हणालं तर घेता येतं, पण ७ टक्क्यांनी तीन लाखांवर महिन्याला १,७५० येत नाहीत, १,७४० येतात. व्याज तिमाही संपायच्या आधीच देत असल्यामुळे बँक तेवढं कापून देते. यात फसवणूक नाही.

आणि यंदा फॉर्म दुसऱ्याने भरला तरी पावती हातात आल्यावर काउंटर सोडण्याआधी "मुदतअंती देय रक्कम" हा एकच रकाना वाचा. पन्नास हजार, पाच वर्षं, साडेसहा टक्के असतील तर तिथे ६९,०२१ च्या आसपास आकडा हवा. ५०,००० छापलेले दिसले तर खूण पुन्हा तिमाही व्याजाच्या चौकटीत पडली आहे. पावती तिथल्या तिथे परत द्या आणि दुरुस्त करून घ्या.